मदत हवी आहे : कांदा कापताना डोळ्यांतून धारा लागतात

मालवणची सुगरण : घरगुती खानावळ आहे, रोज वाटपासाठी ढीगभर कांदा चिरावा लागतो आणि चार कांद्यांतच डोळे असे चुरचुरतात की समोरचं दिसत नाही. पाण्यात भिजवून बघितलं, कांदा हातातून निसटतो. लवकर सांगा, शनिवारी मोठी ऑर्डर आहे.

खाडीकाठ : कशावर चिरता? सुरी की विळी? आणि पंखा कुठे आहे?

रत्नांग्री : अलिबागचा पांढरा कांदा आणा ताई, गोड असतो, डोळ्यांना त्रासच नाही.

देवगडकर : वाटपाला पांढरा कांदा?? आणि भाव बघितलात का त्याचा? आमच्याकडे तर या वर्षी कांदा भरूनच ठेवला नाही, पावसात सगळा कुजतो.

मालवणची सुगरण : विळीवर. पंखा डोक्यावर असतो, आणखी कुठे असणार. कांदा लालच लागतो.

खाडीकाठ : मग कारण तिथेच आहे. अख्ख्या कांद्यात झोंबणारं काही नसतं, चिरला की आतल्या पेशी फुटतात, वेगवेगळे ठेवलेले रस एकत्र येतात आणि गंधकाचा वायू तयार होतो, तो डोळ्याला लागला की डोळा धुवून काढायला पाणी येतं. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की हा वायू बनवणारं एन्झाइम कांद्यात वेगळंच असतं. विळीवर तुम्ही वाकून बसता, तोंड बरोबर त्या वाफेवर. त्यात पातं बोथट असेल तर कांदा चिरण्याऐवजी चेंगरतो. पात्यावर नि पाटावर पांढरट रस साचत असेल तर धार गेलीय समजा.

मालवणची सुगरण : रस तर साचतो, पाट ओला होतो पार.

खाडीकाठ : आधी धार लावून घ्या. मग कांदे तासभर फ्रीजमध्ये, फ्रीजर नको, गार असला की वायू हळू बनतो. टेबलफॅन बाजूने लावा म्हणजे वास दाराकडे जाईल.

आबा६२ : मुळाकडचा भाग आधीच उडवा, सगळा तिखटपणा तिथेच.

खाडीकाठ : आबा, तिथे जास्त असतो असं म्हणतात, म्हणूनच तो शेवटी कापायचा. आधी उडवलात तर वायू सुरुवातीलाच सुटणार.

आबा६२ : आमची आई आधीच उडवायची, तिला कधी पाणी आलं नाही.

पोरगा_कणकवली : मला कॉन्टॅक्ट लेन्स घातल्यावर काहीच होत नाही, बिनधास्त कापतो. लेन्स घ्या.

देवगडकर : अरे कांद्यासाठी कोण लेन्स घेतं! डोळे चोळू नका एवढं मात्र खरं, हाताला रस असतो, आणखी झोंबतं.

मालवणची सुगरण : धारवाल्याकडून पातं लावून आणलं. फरक आहे, पाट कोरडा राहतोय, शेवटी शेवटी थोडं चुरचुरतंच. पण शनिवारचे सगळे कांदे फ्रीजमध्ये मावणार नाहीत, मासे आहेत त्यात. अर्धे अर्धे गार केले तर चालेल का?