प्रति: ‘तळीराम’ या नावावर निबंध उभा राहील का?

> दादरच्या ग्रंथालयात बसून ‘एकच प्याला’वर निबंध लिहितेय. तळीराम म्हणजे दारुडा, म्हणजे गडकऱ्यांनी नावातच त्याचं भवितव्य सांगितलंय, असं लिहिलं तर चालेल का?

नाही, इथे गाडी उलटी जोडली जातेय. ‘तळीराम’ हा दारुड्याला सर्रास वापरला जाणारा शब्द या नाटकानेच रूढ केला. नाटक रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये. त्यामुळे आज आपल्या कानाला जो अर्थ लगेच ऐकू येतो, तो पहिल्या प्रेक्षकाला आयता मिळाला होता असं धरता येत नाही. समोर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश उघडा. नाटकाआधीच्या छापील मजकुरात हा अर्थ सापडला तरच तुमचं विधान टिकेल. नाहीतर हा शब्द नाटकाच्या प्रभावाचा पुरावा आहे, लेखकाच्या हेतूचा नव्हे. (तोही चांगला विषय आहे म्हणा.)

नाटकाचा नायक सुधाकर, त्याचं बघा. सुधा म्हणजे अमृत, सुधाकर म्हणजे चंद्र. हा अर्थ जुना, संस्कृतातला, प्रेक्षकाला ठाऊक असलेला. आणि हाच माणूस शेवटी दारूत विष कालवून पितो. इथे नाव आणि कृती एकमेकांना भिडतात. तरी एक अडचण उरते: सुधाकर हे घरोघरी ठेवलं जाणारं नाव. म्हणून मुद्दा आधी प्रसंगावर मांडा, नाव मागून आणा. मग परिच्छेदातून नावाचं वाक्य खोडून वाचा. मुद्दा कोसळला, तर तो नाटकातून नव्हे, शब्दकोशातून आलेला होता.