गृहपाठाचा स्क्रीनशॉट ‘फोटो’ म्हणून पाठवायचा नाही म्हणे!

मॅडमची सूचना (सहावी, गणित): पालकांनो, टॅबवरचा गृहपाठ झाला की पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदमच दाबून लगेच सोडावं. वरची पट्टी कापावी. फाइलला हजेरी क्रमांक, विषय, तारीख असं नाव द्यावं. गटावर न टाकता माझ्या नंबरवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं, फोटो म्हणून नको. रात्री आठपर्यंत.

जालन्याचा बाप: एवढं वाचून मला वाटलं तलाठ्याकडं फेरफाराचा अर्ज द्यायचाय. दिवसभर आडतीवर उभं राहून घरी यायचं आणि लेकराच्या अपूर्णांकाला फाइलीचं नाव द्यायचं? पॉवरचं बटण जरा आधी दाबलं तर स्क्रीनच बंद होती, दोन्ही धरून ठेवली तर टॅब बंद करू का विचारतो. फोटो पाठवला तर काय बिघडतं? फोटो तो फोटो. आमच्या काळी वहीवर लाल शाईची सही व्हायची अन् विषय संपायचा.

निलंगेकर (जि. प. शिक्षक): बिघडतं. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याला दाबून लहान करतं, बारीक अक्षरांच्या कडा पुसट होतात. माझ्याकडं एका पोराचं उत्तर ३/८ होतं, मला ते ३/६ दिसलं. चूक दिली. दुसऱ्या दिवशी पोरगं टॅब घेऊनच आलं. बरोबर होतं त्याचं. दुसरी गोष्ट नावाची. फोटो माझ्या फोनात `IMG-20250714-WA0012.jpg` अशा नावानं उतरतो. चाळीस पोरांचे चाळीस फोटो, कोणता कोणाचा? डॉक्युमेंट केलं की तुम्ही दिलेलं `17_ganit_1407.png` हेच नाव माझ्याकडं येतं. पाठवल्यावर चॅटमध्ये फाइलचं नाव दिसलं तर काम झालं. नुसतं चित्र दिसलं तर फोटोच गेलाय.

औशाची आई: एवढं कशाला? पाठवताना वर एचडी दाबायचं, झालं.

निलंगेकर: एचडीनं अक्षर बरंच सुधारतं, मान्य. नावाचं काय? तो घोळ तसाच राहतो.

औशाची आई: बरं बाबा, गुरुजी जिंकले. पण वरची पट्टी कापायचं काय खूळ?

परभणीची ताई: खूळ नाही ते. माझ्या भावाच्या स्क्रीनशॉटात वर बँकेचा मेसेज आला होता, शिल्लक रकमेसकट. अन् तो गेला गटावर! दोन दिवस वहिनी कुणाशी बोलल्या नाहीत. फक्त कापल्यावर काही टॅबमध्ये दुसरी प्रत तयार होते. नाव जुन्या फाइलला देऊन तीच पाठवू नका. आधी कापा, मग नाव द्या.

केजचे आजोबा: इथं सगळे टॅब हातात असलेले बोलायलेत. माझा लेक-सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, थेट चैत्रापर्यंत. नातू माझ्याजवळ. व्हॉट्सॲप बापाच्या नंबरचं, फोन त्याच्याकडं फडात. गृहपाठ पाठवायचा कसा?

जालन्याचा बाप: तेच म्हणतोय मी! फोन जवळ नसला की टॅबवर काही चालत नाही.

निलंगेकर: चालतं. बाप निघायच्या आधी त्याच्या फोनातून टॅब एकदा जोडून घ्या, मग फोन कुठंही असू द्या, बंद असला तरी टॅबवरून जातं. अडचण वेगळी आहे. बापानं १४ दिवस फोनात व्हॉट्सॲप उघडलंच नाही तर टॅब आपोआप सुटतो, अन् पुन्हा जोडायला त्याचा फोनच लागतो. म्हणून लेकाला सांगा, आठवड्यातून एकदा उघड.

केजचे आजोबा: अन् टॅबला सिम नाही. नेट शेजारच्या पोराच्या फोनवरून घ्यावं लागतं. तो आठला घरी येतो, नाही आला तर आठ वाजून जातात. लाइट गेली की तेही नाही.

जालन्याचा बाप: ऐका! शहरातल्या मास्तरांना काय माहीत फड काय असतो.

निलंगेकर: माझी आई कोयता घेऊन गेलीय, दादा. फडावरच पाचटात झोपलोय मी. शिकवू नका.

जालन्याचा बाप: गेली असेल. पण नियम तुम्ही लोकच करता, आठची वेळ कुणी ठरवली?

परभणीची ताई: भांडू नका हो. आजोबा, स्क्रीनशॉट आठच्या आधी काढून ठेवा. टॅब फाइलला काढल्याची तारीख-वेळ आपोआप देतो, `Screenshot_20250714-193005.png` असं काहीतरी. ७ वाजून ३० मिनिटं दिसतील त्यात. ते नाव बदलू नका, नेट आलं की तशीच डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

निलंगेकर: म्हणजे मॅडमचा नावाचा नियम मोडला.

परभणीची ताई: मग हजेरी क्रमांक त्याच नावाच्या पुढं जोडा, वेळ पुसू नका. नाव हातानं बदलता येतं म्हणून तो काही पक्का पुरावा नाही, पण मॅडम सहावीच्या पोराला कोर्टात नेणार नाहीत.

औशाची आई: मॅडमला विचारलं का कुणी, उशिरा आलेलं तपासतात की गैरहजर धरतात?

जालन्याचा बाप: विचारा तुम्हीच. माझा आजचा फोटो म्हणूनच गेलाय, एचडी दाबून. बघू काय करतात.