मदत हवी आहे: रशियनमध्ये ‘आहे’ नसलेली वाक्यं

इंग्रजीतून रशियनमध्ये भाषांतराचा सराव करतेय. ‘वोल्गा ही युरोपातली सर्वांत लांब नदी आहे’ याचं मी ‘वोल्गा — सामाया द्लीन्नाया रिका यिव्रोपी’ केलं. ‘आहे’ नाही, दोन नामांमध्ये नुसता डॅश. आपल्या ‘हा माझा भाऊ’सारखंच, म्हणून सोपं गेलं.

बाईंनी मात्र निबंधात तिथे ‘आहे’ अशा अर्थाचं क्रियापद ‘यव्ल्यायित्सा’ घालायला लावलं आणि ‘रिका’चं ‘रिकोय’ झालं, म्हणजे नदी तृतीयेत गेली! बोलताना असं कुणी म्हणतं का, की हे फक्त लेखी भाषेतच?

दुसरं, ‘अडचण ही आहे की वेळ नाही’. मी ‘प्राब्लेमा — श्तो…’ लिहिलं, ते चुकलं. बरोबर उत्तर ‘प्राब्लेमा व तोम, श्तो…’, म्हणजे ‘अडचण त्यात, की…’. ‘उद्देश’, ‘कारण’ या शब्दांनाही हाच साचा चालतो का? जाणकारांनी उदाहरणासह सांगा ना.