टेस्टोस्टेरॉनचे ‘दमन’ होते की ते ‘दबते’?

आरोग्यसेविका, दारव्हा : दीर्घकाळच्या ताणावरील पत्रकात मी ‘कॉर्टिसॉलमुळे टेस्टोस्टेरॉनचे दमन होते’ असे लिहिले होते. एका कास्तकार भावाने ते वाचून ‘म्हणजे आमचे खच्चीकरणच की’ असे म्हटले आणि पत्रक परत केले. दुसरा शब्द सुचवावा.

निवृत्त गुरुजी, वणी : ‘दमन’ म्हणजे वश करणे, खच्चीकरणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. वाचक बिचकतो म्हणून नेमका शब्द टाकून द्यावा, हे मला पटत नाही.

तंत्रज्ञ, यवतमाळ : गुरुजी, मी ‘दबते’ म्हणेन, कारण अशा वेळी वृषणे बहुधा शाबूत असतात. ताण लांबला की मेंदूकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून एलएच या संप्रेरकामार्फत वृषणांना जाणारा निरोप मंदावतो. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच वाढलेले असेल, तर बिघाड वृषणांत असतो. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच वाढलेले नसेल, तर दाब वरून आहे. मात्र तो ताणाचाच की पिट्युटरीच्या आजाराचा, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

ओलितवाला, नेर : हिवाळाभर आमच्या फीडरला रात्रीची लाईन होती. गहू ओलून सकाळी घरी यायचो आणि लगेच कामाला लागायचो. दुपारी चारला दिलेल्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन २३८ आले आणि मला इंजेक्शन सुचवले गेले. मी नामर्द ठरलो काय?

वाचक, पुसद : कॉर्टिसॉल हे विषच आहे. सकाळी तपासा, वाढलेले दिसेल. मग अश्वगंधा सुरू करा.

तंत्रज्ञ, यवतमाळ : पुसदकर, कॉर्टिसॉल सकाळी निरोगी माणसातही चढलेलेच असते, त्यामुळे त्या एका आकड्यावरून ताण मोजता येत नाही. नेरचे दादा, टेस्टोस्टेरॉनही सकाळीच सर्वांत जास्त असते आणि दुपारी उतरते. त्यात तुमची झोप बुडालेली. शिकागोत तरुण पुरुषांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरले होते. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी काही आठवडे रात्रीची सलग झोप घ्या आणि मग सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी नमुना द्या. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की एलएच आणखी दबते व शुक्राणू घटतात, म्हणून मूल हवे असेल तर इंजेक्शनाची घाई नको.

ओलितवाला, नेर : मोटारीला ऑटोस्टार्टर लावला, बांधावरच्या शेजाऱ्याशी रात्री वाटून घेतल्या. महिन्याने सकाळी आठला ३९६ आले. दुसरा नमुना अजून द्यायचा आहे. पण शेजाऱ्याची पाळी चुकली की माझीही झोप जाते, त्याला उपाय सापडलेला नाही.

निवृत्त गुरुजी, वणी : आकडा वर आला म्हणून ‘दमन’ चुकीचे ठरत नाही, दमन उठवताही येते. ‘नामर्द’ हा फारसी शब्द मात्र पत्रकात कुठेही नको.

आरोग्यसेविका, दारव्हा : तो मी लिहिलेलाच नाही, गुरुजी. तूर्त ‘दबते’ घालते आणि नमुन्याची वेळ ठळक छापते. ‘एलएच’ला काय लिहू?