मदत हवी आहे: qrels मध्ये नसलेल्या बातम्या नव्या सिस्टिमच्या खात्यात चुकीच्या धरल्या जातायत

रानवारा
एम.टेक.चा प्रकल्प आहे. विभागात मराठी बातम्यांचा जुना संच आहे, 50 विषयांचा. तो बनवताना तीन रन्सच्या वरच्या 20-20 बातम्या एकत्र करून पूल केला होता आणि फक्त त्याच बातम्या माणसांनी वाचल्या होत्या. तिन्ही रन्स शब्द जुळवणाऱ्याच, फरक फक्त स्टेमरचा. मी आता एम्बेडिंगवर चालणारी सिस्टिम लावली आहे. `ndcg_cut_10` बीएम25 ला 0.52 आणि माझ्या सिस्टिमला 0.44.

एक विषय पुराचा आहे. त्यात बीएम25 च्या पहिल्या दहाही बातम्या तपासलेल्या आहेत, पाच बरोबर, पाच चूक. माझ्या दहांत तीन बरोबर, दोन चूक आणि पाच कुणी वाचलेल्याच नाहीत. त्यातली एक उघडली तर धरणाचे दरवाजे उघडल्यावर वस्त्यांत पाणी शिरल्याची बातमी निघाली, फक्त 'पूर' हा शब्द कुठेच नाही. सर म्हणतात आकडे आहेत तसेच लिही. मला ते पटत नाही. काय करावं?

सह्यकडा
qrels फाइल अर्धवट दिसते. ज्या जोड्या नाहीत तिथे 0 भरा, म्हणजे प्रश्न मिटेल.

रानवारा
`trec_eval` आत्ताही त्यांना 0 सारखंच वागवतं. फाइलमध्ये 0 भरले तर वाचून नाकारलेली बातमी कोणती आणि न वाचलेली कोणती, हेही कळणार नाही.

तात्या_पुणे
एवढं घाबरू नका. झोबेलने 1998 मध्ये ट्रेकच्या संचांवर हे तपासलं होतं. एकेका रनने एकट्याने पूलमध्ये आणलेले कागद qrels मधून काढायचे आणि त्या रनचा आकडा किती पडतो ते बघायचं. फार पडला नाही. तुम्हीही हे करून बघा. आणि `bpref` वापरा, ते अपुऱ्या तपासणीसाठीच बनवलंय.

मीनाक्षी जो.
तात्या, चाचणी चांगली आहे, पण इथे ती फसवेल. तिन्ही रन्स एकाच जातीच्या आहेत. एक काढला तरी त्याच्या बहुतेक बातम्या उरलेल्या दोघांनी आणलेल्याच असणार, म्हणून आकडा हलणार नाही. त्यावरून एवढंच कळेल की चौथी तशीच सिस्टिम आली तर तिच्यावर अन्याय होणार नाही. शिवाय ट्रेकच्या त्या पूलमध्ये पुष्कळ रन्स होते आणि खोली 100 ची होती.

2005 च्या ट्रेकमध्ये अ‍ॅक्वेंट संचावर हेच उघड झालं. सुमारे दहा लाख बातम्या, आणि पूल विषयाच्या शीर्षकातले शब्द असलेल्या बातम्यांकडे झुकलेला. शीर्षकावर फारसा न विसंबणारा एकच रन होता. इतर कुणालाच न सापडलेल्या कितीतरी योग्य बातम्या त्याने आणल्या. तो नसता तर त्या कायम 'अयोग्य' राहिल्या असत्या. रानवारा, तुमची पुराची बातमी नेमकी त्याच प्रकारची आहे.

`bpref` तेव्हा ठीक चालतं, जेव्हा तपासणीतून काय सुटलं ते साधारण योगायोगाने सुटलेलं असतं. इथे ठरावीक प्रकारच्या बातम्याच सुटल्यात.

आधी हे चालवा:

```
trec_eval -m ndcg_cut.10 qrels.txt run.txt
trec_eval -J -m ndcg_cut.10 qrels.txt run.txt
```

`-J` न तपासलेल्या बातम्या काढून टाकतं आणि खालच्या वर सरकवतं. दुसरा आकडाही खरा समजू नका. साकाईने दाखवलंय की पहिली रीत नव्या सिस्टिमला कमी लेखते आणि ही बहुधा जास्त. पण दोहोंत क्रम उलटला, तर या qrels वरून निकाल देता येत नाही एवढं नक्की. पुराच्या विषयात तुमच्या दहांत तीन ते आठ काहीही बरोबर असू शकतात आणि बीएम25 चे पाच, मग कोण जिंकलं हे कसं सांगणार?

अनुजा_नागपूर
आमच्या दुकानाच्या ॲपवरही असंच होतं. जी वस्तू कधी दाखवलीच नाही तिच्यावर क्लिक नाही, म्हणून ती खालीच राहते. आम्ही काही जागा सरमिसळ करून दाखवतो. तुम्हाला चालेल का?

मीनाक्षी जो.
अनुजा, दुखणं जवळचं आहे, पण इथे वापरणारे लोक नाहीत, गोठवलेली फाइल आहे. बसून वाचणं हाच उपाय. दोन्ही सिस्टिमच्या पहिल्या दहांतल्या न तपासलेल्या बातम्या घ्या, फक्त स्वतःच्या नव्हे, नाहीतर पारडं दुसरीकडे झुकेल. कोणती कुणी आणली हे वाचणाऱ्याला दिसू देऊ नका. मध्ये थोड्या जुन्या तपासलेल्याही मिसळा, म्हणजे जुन्या परीक्षकांशी तुमचं मत किती जुळतं ते कळेल. बीअर संचाच्या लोकांनी ट्रेक-कोविडवर अशा मोकळ्या जागा वाचून काढल्या होत्या. आधी बीएम25 च्या बरोबरीला असलेलं ANCE त्यानंतर स्पष्ट पुढे गेलं.

तात्या_पुणे
मान्य. `bpref` चं मी घाईत लिहिलं. पण नव्या योग्य बातम्या सापडल्या की बीएम25 चाही 0.52 बदलणार. मग याच संचावरच्या जुन्या प्रबंधांशी तुलना कशी करायची?

रानवारा
`-J` ने माझा 0.57, बीएम25 0.53. क्रम उलटला. दोन मैत्रिणी वाचायला तयार आहेत. पण जुन्या मिसळलेल्या बातम्यांवर आमचं आणि जुन्या परीक्षकांचं जुळलं नाही, तर कोणाचं धरायचं?

मीनाक्षी जो.
जुन्या नोंदी बदलू नका, नव्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि दोन्ही तक्ते छापा. जुन्या प्रबंधांशी तुलना फक्त जुन्या फाइलवरच, तीही हा दोष सांगून. मतभेद किती झाला की नवी फाइल टाकून द्यायची, याचं ठाम उत्तर माझ्याकडे नाही. विषयवार यादी इथे टाका, मग बघू.