मायट्रल स्टेनोसिस: छिद्र तेवढंच, मग ग्रेडियंट दुप्पट कसा?

खडीसाखर: वहिनी 41 वर्षांच्या. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, झडप तेव्हाच खराब झाली म्हणतात. मागच्या वर्षीच्या इकोत मायट्रल झडपेचं छिद्र 1.2 चौ. सेंमी आणि मीन ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला सरासरी फरक, 7. आता धडधड आणि दम लागतो म्हणून पुन्हा इको केला, तर छिद्र 1.2 च, पण ग्रेडियंट 13. ईसीजीत एएफ, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, निघालं. 'लेफ्ट एट्रियममध्ये स्मोक', म्हणजे डाव्या वरच्या कप्प्यात धूर, असंही लिहिलंय. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारं वॉरफरिन सुरू केलंय. झडप आणखी आवळली का? आणि अडथळा झडपेत, मग गुठळी वर कशी होते?

पाटलांचा_बंड्या: वडिलांनाही ब्लॉकेज होतं, स्टेंट टाकला, आता ठणठणीत. अँजिओग्राफी करून घ्या.

खडीसाखर: दादा, ब्लॉकेज नाही, झडप आहे.

निवांत: एएफमध्ये वरचा कप्पा आकुंचन पावत नाही, शेवटचा धक्का जातो. म्हणून ग्रेडियंट वाढला.

इकोवाला_डॉ: धक्का जातो हे खरं, त्याने खाली रक्त कमी जातं आणि थकवा येतो. पण ग्रेडियंट वाढवला तो ठोक्यांनी. दोन्ही इकोच्या वेळी नाडी किती होती?

खडीसाखर: आधी 70, आता 120.

इकोवाला_डॉ: मग उत्तर त्यातच आहे. ही झडप हृदय सैल पडतं तेव्हाच उघडते. नाडी 70 असताना मिनिटातले साधारण 35 सेकंद ती उघडी, 120 ला जेमतेम 26. तेवढंच रक्त तेवढ्याच भोकातून घाईने ढकलायचं, म्हणजे प्रवाह सुमारे 1.35 पट. दाब प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 1.8 पट. 7 चे 13 झाले. झडप आहे तिथेच आहे. हा दाब मागे फुफ्फुसात जातो, म्हणून दम. नाडी आवरली की उतरतो.

हाच दाब वर्षानुवर्षं सोसून डावा वरचा कप्पा फुगतो, भिंतीत व्रण पडतात, विजेचे मार्ग बिघडतात आणि एएफ होतं. मग त्याच्या कोपऱ्यातली पिशवी, अपेंडेज, नुसती थरथरते. पुढे निचरा अपुरा, त्यात रक्त साचतं. 'स्मोक' म्हणजे तेच संथ, धुरासारखं फिरणारं रक्त. गुठळी बहुतेकदा तिथे होते आणि सुटली तर थेट मेंदूकडे जाऊ शकते.

निवांत: मग रक्त किती पातळ झालं ते बघणारी आयएनआर तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या का नाहीत? आमच्या मामांना एएफसाठी त्याच आहेत.

इकोवाला_डॉ: मामांची झडप अशी नसेल. 2022 च्या इनव्हिक्टस चाचणीत अशा झडपेच्या एएफ रुग्णांत रिव्हॅरोक्सॅबान या नव्या गोळीवर मृत्यू जास्त झाले. वॉरफरिनच, आयएनआर 2 ते 3.

खडीसाखर: मग लगेच बलूनने झडप रुंद करायची का?

इकोवाला_डॉ: आधी टीईई, म्हणजे अन्ननलिकेतून केलेला इको. साध्या इकोत ती पिशवी नीट दिसत नाही. गुठळी असेल तर बलूनच्या वायरने सुटायची भीती, मग काही आठवडे वॉरफरिन देऊन पुन्हा बघतात. गळती किती, चुना किती साचलाय, हे रिपोर्ट न बघता इथे बसून सांगता येणार नाही.

निवांत: नाडी आवरूनही ग्रेडियंट उतरला नाही तर?

खडीसाखर: तेच विचारायचंय. टीईई गुरुवारी आहे, रिपोर्ट आला की टाकते.