मदत हवी आहे: जहाज रिकामं परत आलं तर नफा कुठे गेला?

गोंधळलेला_गणू
उद्या सबमिशन आहे, प्लीज लवकर सांगा. सगळीकडे गुलामांच्या व्यापाराच्या त्रिकोणाचं तेच चित्र आहे, जहाज माल घेऊन आफ्रिकेत जातं, गुलाम माणसं घेऊन अटलांटिकपलीकडे, मग साखर घेऊन घरी. पण मला दिलेल्या हिशेबात परतीच्या जहाजात साखर जवळपास नाहीच, खाली दगड भरलेत आणि तरी नफा लिहिलाय. टायपो आहे का?

खारा_वारा
कुठला देश, कुठलं साल, जहाज कुठे उतरलं, काहीच नाही लिहिलंस. पोर्तुगीजांचं ब्राझील वेगळं, लिव्हरपूलचं वेगळं.

गोंधळलेला_गणू
सॉरी, लिव्हरपूल ते जमैका, 1780 च्या आसपास.

अर्धवटराव
सोपं आहे, चोरून साखर विकली असणार वाटेत. तसंही 1833 ला ब्रिटिशांनी हा व्यापार बंद केला त्यामुळे हिशेब गायब केले.

जुन्या_वह्या
अर्धवटराव, 1807 ला व्यापार बंद, 1833 च्या कायद्याने गुलामगिरी. गणू, टायपो नाहीये. नफा हुंड्यांत आहे, म्हणजे ठरल्या मुदतीला पैसे मिळायच्या कागदांत. त्या वहीत 'बिल्स' असा शब्द शोध.
जमैकात माणसं विकत घेणाऱ्या मळेवाल्याकडे रोख नसायची, ऊस विकून पैसे यायला वेळ लागायचा. म्हणून तिथला अडत्या माणसं उधारीवर विकायचा आणि कॅप्टनच्या हातात मुदती हुंड्या द्यायचा, लंडन किंवा लिव्हरपूलच्या एखाद्या पेढीवर काढलेल्या, काही बारा महिन्यांच्या तर काही दोन-तीन वर्षांच्या. त्या पेढीने आधीच हमी दिलेली असायची. म्हणजे साखरेसाठी महिनोन् महिने बंदरात थांबायची गरज नाही, कागद घेऊन निघायचं. साखर दुसरी, मोठ्या पोटाची जहाजं न्यायची.

गोंधळलेला_गणू
मग तीन वर्षं मालक काय खात होते??

जुन्या_वह्या
सुरुवातीचा मालही उधारीचाच असायचा. पितळ, बंदुका, आपल्याकडचं सुती कापड, मालदीवच्या कवड्या, यातलं बरंच वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर. जहाजात सात-आठ जणांची पाती असायची, कुणाची आठवा हिस्सा, कुणाची बत्तिसावा. समज तुझी आठवी पाती आहे आणि 8000 पौंडांच्या हुंड्या आल्या (आकडा मी बनवलाय), तर 1000 तुझे, पण कापडवाल्याचं देणं आधी. घाई असेल तर हुंडी वटाव देऊन, म्हणजे थोडी रक्कम सोडून, आधीच मोडायची. आणि मळेवाल्याने पैसे दिलेच नाहीत तर? 1732 च्या ब्रिटिश कायद्याने देणेकऱ्याची जमीन आणि त्याच्या ताब्यातली गुलाम माणसंसुद्धा कर्जापोटी जप्त करता येत होती. अख्खी उधारी त्यावर उभी होती.

नाशिककर
आमच्याकडे शरणपूरला पण होते की! अरबांच्या गलबतांवरून इंग्रज नौदलाने सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे मिशनमध्ये शिकायची. लिव्हिंग्स्टनचं शव आणणारा जेकब वेनराइट तिथलाच.

खारा_वारा
मस्त माहिती पण तो हिंदी महासागर आहे, वेगळा धागा काढ ना.

अर्धवटराव
झाँग जहाजाचं कोणी का नाही सांगत? 130 माणसं समुद्रात फेकली आणि विम्याचे पैसे घेतले.

जुन्या_वह्या
फेकली हे खरं, 1781. विमा माणशी 30 पौंड. 1783 मध्ये ज्यूरीने मालकांच्या बाजूने निकाल दिला, पण विमा कंपनीवाल्यांनी अपील केलं आणि न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डने फेरसुनावणी मान्य केली. पुढे ती झाल्याचं काही सापडत नाही. खटला खुनाचा नव्हता, 'मालाच्या नुकसानीचा' होता, हे मात्र विसरू नकोस.

खारा_वारा
म्हणूनच मी म्हणतो, बंदी आली ती धंदा बुडीत निघाला म्हणून.

जुन्या_वह्या
पटत नाही. धंदा बुडीत असता तर लिव्हरपूलने 1807 पर्यंत संसदेत बंदीला इतका विरोध का केला असता? आणि बंदीनंतरही एका माणसामागे 100 पौंड दंड परवडेल असं गणित करणारे होतेच, म्हणून 1811 ला तो फौजदारी गुन्हा करावा लागला.

खारा_वारा
विरोध केला म्हणजे नफा होता असं सिद्ध होत नाही. कर्जात अडकलेला माणूस पण विरोध करतो.

गोंधळलेला_गणू
भांडू नका ना, मला शेवटचं हवंय, गुलामगिरी संपली तेव्हा या कर्जांचं काय झालं?

जुन्या_वह्या
सरकारने 2 कोटी पौंड भरपाई दिली, गुलामांच्या मालकांना. त्यात गहाणदारांनीही हक्क सांगितले, म्हणजे ज्या पेढ्यांकडे मळे गहाण होते त्याही रांगेत. सुटलेल्या माणसांना एक पैसा नाही, उलट 'उमेदवारी'च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली 1838 पर्यंत राबवलं. या भरपाईसाठी दीड कोटीचं कर्ज रॉथशिल्ड आणि माँटेफिओरेंनी उभारून दिलं. ब्रिटिश तिजोरीने ते पुढच्या रोख्यांत मिसळत 2015 ला संपवलं.

गोंधळलेला_गणू
2015?? माझी दहावी झाली त्या वर्षी. ओके, हिशेबात 'बिल्स' सापडलं, पण त्यापुढे 'प्रोटेस्टेड' लिहिलंय दोन ठिकाणी.

जुन्या_वह्या
म्हणजे त्या दोन हुंड्या पेढीने नाकारल्या. नफ्याच्या आकड्यात त्या धरल्यात का ते आधी बघ.